नऊ सेकंद कुठे सांडले?

पहाटे साडेपाच-सहाला सारसबागेजवळच्या सणस ग्राऊंडवर या, किंवा पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या मैदानावर जा. एक संवाद हमखास ऐकू येईल. कंबरेवर हात, मान खाली, धापा टाकत उभा असलेला एक जण आणि त्याला विचारणारा दुसरा.

"किती आलं?"

"पाच एकोणतीस."

"परवा किती होतं?"

"पाच सत्तावीस."

"उद्या जोर लाव."

संवाद संपला. सगळा सराव त्या एका आकड्यावर तोलला गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमची तक्रार या संवादाबद्दल आहे. पाच एकोणतीस हे टायमिंग कमी की जास्त, हा वेगळा मुद्दा. पण तो आकडा तुम्हाला काहीच सांगत नाही, हे तर खरं ना? नऊ सेकंद कमी करायचे असतील, तर ते कुठे सांडतायत ते आधी कळायला हवं. आणि ते सांगणारी सोय तुमच्या मनगटावरच्या साध्या डिजिटल घड्याळात पडून आहे. त्यासाठी पंचवीस हजारांचं जीपीएस घड्याळ लागत नाही.

मुळात हा हिशेब सगळ्यात जास्त कोणाच्या कामाचा आहे, ते पाहू. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते, त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटरवर आणि मुलींना ८०० मीटरवर मिळतात. वेळेचे टप्पे ठरलेले असतात आणि एका टप्प्याच्या अलीकडे की पलीकडे यावर गुण बदलतात. म्हणजे नऊ सेकंद ही गंमत नाही. ४०० मीटरच्या ट्रॅकवर १६०० म्हणजे बरोबर चार फेऱ्या. समजा तुम्हाला पाच मिनिटं वीस सेकंदांत पोचायचंय. मग एका फेरीला ८० सेकंद, अर्ध्या फेरीला ४० आणि १०० मीटरला २०. सेकंदाला पाच मीटर. हे आकडे इतके गोल आहेत की पळताना डोकं चालत नसलं तरी लक्षात राहतात.

आता दोन शब्द नीट वेगळे करू, कारण इथेच निम्म्या जणांची गडबड होते. 'स्प्लिट' म्हणजे सुरुवातीपासून आत्तापर्यंत गेलेला एकूण वेळ. 'लॅप' म्हणजे फक्त या फेरीला लागलेला वेळ. तिसरी फेरी संपताना घड्याळात ४:०१ दिसलं, तर तो स्प्लिट. त्यातली तिसरी फेरी १:२८ ची होती, हा लॅप. ट्रॅकवर बोलताना मात्र पळणारी मंडळी सर्रास लॅपलाही 'स्प्लिट' म्हणतात, त्यामुळे कोणी आकडा सांगितला की आधी विचारून घ्या, एकूण की फेरीचा.

तुमचं घड्याळ यातलं काय दाखवतं, हे दुकानदाराला विचारू नका. घरी खुर्चीत बसून एक मिनिटात कळतं. स्टॉपवॉच सुरू करा. दहा सेकंद झाले की स्प्लिटचं किंवा लॅपचं बटण दाबा. वीस झाले की पुन्हा दाबा. दुसऱ्यांदा दाबल्यावर २० वर थांबलेला आकडा दिसला, तर तुमचं घड्याळ स्प्लिट दाखवतंय. १० दिसला, तर लॅप. काही घड्याळांत दोन ओळींत दोन्ही दिसतं आणि काही सेकंदांनी आकडा आपोआप चालू होतो. आणि तिसरी शक्यता अशी, की दुसऱ्यांदा दाबल्यावर काहीच थांबलं नाही, उलट गोठलेला आकडा सुटला आणि वीस, एकवीस, बावीस करत पळायला लागला. तुमच्या हातात कॅसिओचं ते काळं, चौकोनी एफ-९१डब्ल्यू असेल तर हेच होईल. १९८९ पासून तेच घड्याळ, तशाच रूपात विकलं जातंय. तुमच्या मामाकडेही असेल एखादं.

याच घड्याळावर जरा थांबू, कारण ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारं आहे. डावीकडे खालचं बटण मोडचं. ते दोनदा दाबलं की आधी अलार्म, मग स्टॉपवॉच येतं. उजवीकडचं एकमेव बटण सुरू करण्याचं आणि थांबवण्याचं. डावीकडे वरचं बटण एरवी दिव्याचं असतं, पण स्टॉपवॉचमध्ये ते स्प्लिटचं होतं. पळताना ते दाबलं की पडद्यावरचा आकडा गोठतो. आत मात्र वेळ चालूच राहतो. पुन्हा दाबलं की गोठलेला आकडा जातो आणि चालू वेळ दिसू लागतो. म्हणजे एका फेरीला दोन दाब. एक गोठवायला, एक सोडायला.

बहुतेक जण काय करतात? प्रत्येक फेरीला एकदाच दाबतात. पहिल्या फेरीला आकडा गोठला, छान. दुसऱ्या फेरीला दाबलं, तर तो सुटला. दुसरी फेरी हातची गेली. तिसऱ्या फेरीला परत गोठला. मग "घड्याळ बिघडलंय" म्हणून शिव्या. घड्याळ ठीक आहे, दाब विषम पडतायत एवढंच. सवय अशी लावा: रेषेवर दाबायचं, वळणात शिरता शिरता आकडा वाचायचा आणि वाचून झाल्याबरोबर पुन्हा दाबायचं. आकडा गोठण्याचा फायदा हाच, की रेषेवर मान वाकवून घड्याळात बघत बसायची गरज नाही. दहा-पंधरा पावलं पुढे जाऊन आरामात वाचा, आकडा कुठे पळून जात नाही.

शेवटच्या रेषेवरचा घोळ तर याहून जीवघेणा. तिसऱ्या फेरीचा आकडा सोडायला विसरलात आणि चौथी फेरी संपताना उजवं बटण दाबलंत, तर पडद्यावर अजून तिसऱ्या फेरीचाच आकडा दिसेल. घाबरू नका. वेळ आत बरोबर थांबलेला आहे. डावीकडचं वरचं बटण एकदा दाबा, शेवटचा वेळ दिसेल. एकदाच! दुसऱ्यांदा दाबलं की सगळं शून्य. पूर्ण जीव काढून पळायचं आणि मग अंगठ्याच्या एका जास्तीच्या दाबाने टायमिंग पुसायचं, हा अनुभव आम्हीही घेतलाय. तेव्हापासून रेषा पार केली की हात घड्याळापासून लांब, आधी दम खाऊन मग बघायचं, असा नियम केलाय.

या घड्याळाला आठवणीचा कप्पा नाही. आधीचे स्प्लिट ते साठवत नाही. मग चार आकडे धापा टाकत लक्षात कसे ठेवायचे? ठेवूच नका. तुमचे ठरलेले आकडे आधीच पाठ असतात: १:२०, २:४०, ४:००, ५:२०. हवं तर पेनाने मनगटाच्या आतल्या बाजूला लिहा. पळताना फक्त फरक लक्षात ठेवायचा. "एक जास्त", "एक जास्त", "दोन जास्त". दोन अंकी आकड्यांपेक्षा हे फार सोपं आहे, आणि पळणं संपल्यावर यावरून पूर्ण आकडे परत बांधता येतात.

आता त्या पाच एकोणतीसकडे परत जाऊ. समजा त्याच मुलाने स्प्लिट घेतले आणि ते असे आले: १:११, २:३३, ४:०१, ५:२९. नुसते बघून काही कळत नाही, लॅप काढावे लागतात. पहिला लॅप १:११ च. दुसरा, २:३३ मधून १:११ गेले, १:२२. तिसरा, ४:०१ मधून २:३३ वजा.

इथे थांबा. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढून ४.०१ वजा २.३३ केलंत, तर उत्तर १.६८ येईल. एक मिनिट अडुसष्ट सेकंद! भरतीच्या वह्यांमध्ये टायमिंग टिंब देऊन लिहायची पद्धत आहे, त्यामुळे ही चूक अगदी सहज होते. मिनिटातून हातचा घेताना शंभर नाही, साठ घ्यायचे. ४:०१ म्हणजे ३ मिनिटं ६१ सेकंद. त्यातून २:३३ गेले, राहिले १:२८. चौथा लॅपही तसाच, ५:२९ वजा ४:०१, म्हणजे १:२८.

तर चार फेऱ्या अशा: ७१, ८२, ८८, ८८ सेकंद. आता बघा, गोष्ट किती वेगळी दिसते. पहिल्या फेरीत या पठ्ठ्याने ठरलेल्या वेगापेक्षा नऊ सेकंद कमावले. मग दुसऱ्या फेरीत दोन, तिसऱ्यात आठ आणि चौथ्यात आठ, असे अठरा गमावले. नऊ कमावून अठरा घालवले, उरली नऊ सेकंदांची उधारी. "उद्या जोर लाव" हा सल्ला त्याला देणं म्हणजे त्याची उधारी वाढवणं. जोर लावून तो पहिली फेरी ६९ ची मारेल आणि पाच बत्तीसला पोचेल.

असं का होतं? सुरुवातीला पाय ताजे असतात, आजूबाजूची पोरं सुसाट सुटलेली असतात आणि पहिला अर्धा-पाऊण मिनिट दम लागलेला जाणवतच नाही. श्वास आणि हृदय मागून येतात. त्यांना पूर्ण वेगाला यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत स्नायू उधारीवर चाललेले असतात. ती वसुली दुसऱ्या वळणानंतर सुरू होते. शरीराला कळेपर्यंत उशीर झालेला असतो, घड्याळाला मात्र आधी कळतं.

म्हणून उपाय ४०० च्या रेषेवर नाही, २०० वर आहे. पहिली फेरी ७१ ला संपली हे ४०० ला कळून उपयोग काय, नुकसान झालेलं असतं. निघताना बटण दाबलं की पहिल्या २०० मीटरला, म्हणजे समोरच्या सरळ पट्टीच्या शेवटी, एकदा घड्याळाकडे नुसती नजर टाका. बटण दाबायचं नाही. चालू आकडा ४० च्या आसपास हवा. त्या मुलाचा तिथे ३४ असणार. ३४ दिसलं की तिथेच खांदे सैल सोडून वेग उतरवायचा. पहिल्यांदा हे करताना लाज वाटते, कारण पाच-सहा जण पुढे निघून जातात. जाऊ द्या. तिसऱ्या फेरीत त्यातले बरेच परत भेटतात.

हे दोन-तीन आठवडे सांभाळून केलं की स्प्लिट साधारण असे दिसायला लागतात: १:२१, २:४१, ४:०२, ५:२१. लॅप काढा: ८१, ८०, ८१, ७९. दमाचं म्हणाल तर मुलगा तोच आहे. ताकद एका महिन्यात अशी काही वाढत नाही, पण सांडणारे आठ सेकंद थांबले. आणि आता शेवटची फेरी सगळ्यात वेगवान आहे, म्हणजे अजून थोडं शिल्लक आहे. इथून पुढे खरोखर जोर लावायचा विषय सुरू होतो.

पण आकडे खोटे बोलत नाहीत, हे त्यांच्या मागची रेषा खरी असेल तरच. ट्रॅकवर सगळ्यात आतली लेन ४०० मीटरची. दुसऱ्या लेनमधून पूर्ण फेरी मारली तर ती ४०७ मीटरची होते. चार फेऱ्यांना २८ मीटर जास्त. सेकंदाला पाच मीटरच्या वेगाने त्याचे साडेपाच सेकंद होतात. गर्दी आहे म्हणून एक दिवस दुसऱ्या लेनमध्ये पळालात आणि टायमिंग पाच सेकंदांनी घसरलं, तर रात्री उशिरा जागलो म्हणून असं झालं, असल्या कारणांच्या मागे लागू नका. वहीत 'लेन २' एवढं लिहा, झालं. साध्या मातीच्या मैदानावर फेरी किती मीटरची आहे हेच माहीत नसतं. हरकत नाही. तिथे ८० सेकंदांचा हट्ट सोडा आणि फेऱ्या एकमेकींशी ताडून बघा. चारही सारख्या येतायत का, एवढं तिथेही कळतं. फक्त दरवेळी बटण दाबायची खूण एकच ठेवा. झाड असो, गोलपोस्टचा खांब असो, पण तोच.

आणि ते शंभरावे भाग! घड्याळ ५:२१.४७ दाखवतं म्हणून ते सत्तेचाळीस मनाला लावून घेऊ नका. तुमचा अंगठा रेषेवर कधी जरा आधी पडतो, कधी जरा उशिरा, त्यात सेकंदाचा एक-दोन दशांश सहज जातो. हाताने घेतलेला वेळ ट्रॅकच्या नियमांतही शंभराव्या भागापर्यंत धरत नाहीत, पुढच्या दशांशावर नेतात. बीडच्या अविनाश साबळेचं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं स्टीपलचेसचं सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं: केनियाचा किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. तो फरक फोटो-फिनिशच्या कॅमेऱ्याने टिपला. तुमच्या-आमच्या अंगठ्याला तो दिसलाच नसता. सरावात पूर्ण सेकंद लिहा, तेवढं पुरतं.

आता एक युक्ती, जिच्यामुळे वजाबाकीच सुटते. आठवड्यातून एकदा ४०० मीटरचे तुकडे पळायचे असतात, समजा सहा. बहुतेक जण प्रत्येक तुकड्याला घड्याळ शून्य करतात आणि मग विश्रांती किती झाली याचा पत्ताच नसतो. पहिल्याला दीड मिनिट, पाचव्याला साडेतीन, कारण मध्ये गप्पा रंगल्या. त्याऐवजी घड्याळ एकदाच सुरू करा आणि थांबवूच नका. दर तीन मिनिटांनी निघायचं. ०:००, ३:००, ६:००, ९:००, १२:०० आणि १५:००. पोचल्यावर स्प्लिट गोठवा. तिसरा तुकडा संपताना ७:१९ दिसलं, तर तुकडा १:१९ चा, गणित करायचंच नाही. आकडा वाचून सोडून द्या आणि चालत रेषेकडे या. ९:०० वाजले की निघा. विश्रांती आपोआप एक मिनिट एक्केचाळीस सेकंदांची झाली. तुम्ही जितके हळू पळाल तितकी ती आपसूक कमी होते, म्हणजे टंगळमंगळ करणाऱ्याला शिक्षाही घड्याळच देतं. सहाही तुकडे दोन सेकंदांच्या फरकात आले, तर वेग योग्य निवडलात. पहिला १:१४ आणि शेवटचा १:२६ आला, तर पुढच्या वेळी पहिला मुद्दाम हळू घ्या.

लांब पळायचं असेल, तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर, तर तिथे फेऱ्या नाहीत आणि चढउतार आहेत, त्यामुळे दर किलोमीटरच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. एकाच रस्त्याने जा, वळताना एक स्प्लिट घ्या आणि त्याच रस्त्याने परत या. एवढंच ध्यानात ठेवा, की एफ-९१डब्ल्यूचं स्टॉपवॉच ५९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतं. सव्वा तास पळून आल्यावर पडद्यावर पंधरा मिनिटं दिसली, तर दचकू नका.

चाचणीच्या दिवशी घड्याळ हातात असो वा नसो, ८० सेकंदांची फेरी पायांना ओळखता आली पाहिजे. त्यासाठी शुक्रवारी-शनिवारी, दम पुरेसा असताना, हे करून बघा. घड्याळ सुरू करा, एक फेरी त्याच्याकडे अजिबात न बघता पळा, रेषेवर स्प्लिट दाबा, पण वाचू नका. आधी मनाशी अंदाज बांधा, किती झाले असतील? मोठ्याने बोला, मित्र असेल तर त्याला सांगा. मग बघा. सुरुवातीला अंदाज पाच-सहा सेकंदांनी चुकतो, आणि गंमत म्हणजे पहिल्या फेरीत आपण हळू पळालो असं वाटतं आणि तिसऱ्या फेरीत वेगात. घड्याळ नेमकं उलटं सांगतं.

वहीत रोजची एक ओळ पुरे. तारीख, लेन, चार लॅप, आणि अंदाज केला असेल तर तो. उद्या सकाळी कोणी "किती आलं?" विचारलं, तर त्याला ८१, ८०, ८१, ७९ सांगा आणि त्याच्या चार फेऱ्या विचारा.